फोटोतला व्हॉल्व्ह कोणता?

सायकलसाठी नवा पंप आणावा आणि त्याचे तोंड ट्यूबच्या व्हॉल्व्हवर बसूच नये, असे पुष्कळदा घडते. गिअरच्या सायकलींना प्रामुख्याने दोन प्रकारचे व्हॉल्व्ह असतात, श्रेडर आणि प्रेस्टा. हाती फक्त चाकाचा फोटो असेल, तर त्यांतला आपला कोणता?

प्रथम टोक पाहावे. श्रेडर म्हणजे स्कूटरच्या चाकाला असतो तोच. त्याचे तोंड रुंद व पोकळ असते आणि आत मधोमध एक पिन दिसते. प्रेस्टा सडपातळ, त्याच्या टोकातून एक बारीक दांडी वर आलेली असते व तिच्यावर चिमुकला नट असतो.

पण व्हॉल्व्हवर टोपी असली तर? मग जाडी मोजावी. श्रेडरची नळी सुमारे ८ मि.मी., तर प्रेस्टाची सुमारे ६ मि.मी. जाड असते. फोटोत खरे माप कळत नाही, परंतु शेजारीच मोजपट्टी उभी आहे: चाकाचा आरा! साधा गोल आरा सुमारे २ मि.मी. जाडीचा असतो. समजा, फोटोत आरा १.५ मि.मी. आणि नळी ४.५ मि.मी. भरली. गुणोत्तर ३, म्हणून नळी ३ × २ = ६ मि.मी.; अर्थात प्रेस्टा. गुणोत्तर ४ च्या आसपास आले असते, तर श्रेडर. रिमजवळ आऱ्यावर जाड निपल असते, ते चुकूनही मोजू नका. चपट्या आऱ्यांना ही युक्ती लागू नाही.

आता पंपाचे तोंड. श्रेडरमध्ये स्प्रिंग असते. ती व्हॉल्व्ह मिटलेला ठेवते. म्हणून श्रेडरच्या तोंडात मध्यभागी एक खुंटी असते, ती आतली पिन दाबून धरते. प्रेस्टामध्ये स्प्रिंग नसते. आतल्या हवेचा दाबच तो बंद ठेवतो, आणि पंपातला दाब त्याहून वाढला की तो उघडतो. त्याला अरुंद, खुंटी नसलेले तोंड हवे. मात्र आधी नट सैल करून दांडी एकदा हलकेच दाबावी. 'फुस्' आवाज आला की व्हॉल्व्ह मोकळा झाला. नट तसाच राहिला, तर दांडा पहिल्यापासूनच जड जातो आणि टायर मात्र मऊच राहतो. उलट, दांडा हलका जातो व तोंडाशी हवा फुसफुसते, तेव्हा तोंड चुकीचे आहे किंवा नीट बसलेले नाही असे समजावे.

प्रेस्टावर बसणारा छोटा पितळी अडॅप्टर मिळतो. नट सैल करून तो आट्यांवर फिरवला की स्कूटरवाल्याचा पंपही चालतो.

आपल्या जुन्या काळ्या सायकलींचा व्हॉल्व्ह या दोहोंहून वेगळा. त्याची नळी श्रेडरइतकीच जाड असते, पण वरचे टोक बारीक असते आणि त्याखाली एक मोठा नट दिसतो. तेव्हा टोपी काढूनच फोटो घेतलेला बरा.