स्लाइडवरून गळालेलं ‘म्हणून’

पहिल्या सत्राची परीक्षा जवळ आली की दारव्हा, वणी, पांढरकवड्याहून पालकांचा तोच प्रश्न येतो. “सर, पोरगा बी.एस्सी. अ‍ॅग्रीला आहे. दहावीपर्यंत मराठीत शिकला, आता इंग्रजी स्लाइड डोक्यावरून जातात. तयार नोट्स घेऊन देऊ का?”

नका देऊ. तयार नोट्समध्ये बहुतेक वेळा तेच तुकडे पुन्हा छापलेले असतात आणि मुलाचं नेमकं तिथेच अडलेलं असतं.

मृदाशास्त्रातली काळ्या मातीची स्लाइड घ्या. तिच्यावर पाच तुकडे असतात: मॉन्टमोरिलोनाइट, फुगणे-आकसणे, खोल भेगा, गडद रंग, सेंद्रिय कर्ब कमी. वर्गात सर बोलताना ते जोडतात, पण स्लाइडवर ती जोड नसते. म्हणून विद्यार्थ्यांनो, त्याच दिवशी वही उघडा आणि दोन तुकड्यांच्या मध्ये ‘कारण’, ‘म्हणून’ किंवा ‘तरीही’ यांतला कोणता शब्द बसतो ते लिहून पाहा.

पहिले तीन तुकडे असे जोडले जातात: मॉन्टमोरिलोनाइट या चिकणखनिजाच्या पापुद्र्यांची एकमेकांवरची पकड सैल असते, म्हणून त्यांच्यामध्ये पाणी शिरतं आणि माती फुगते. पाणी उडालं की ती आकसते, म्हणून उन्हाळ्यात भेगा पडतात. वरची भुसभुशीत माती त्या भेगांत पडते, पावसात खालची माती फुगून वर रेटली जाते, म्हणून या जमिनीत थर स्पष्ट वेगळे दिसत नाहीत. हे शेवटचं वाक्य स्लाइडवर नव्हतं. जोडता जोडता ते पुस्तकात शोधावं लागलं आणि परीक्षेत ‘कारणे द्या’चं उत्तर तेच असतं.

चूक होते ती पुढच्या जोडीत. मुलं हमखास लिहितात, ‘माती काळी म्हणून कर्ब भरपूर.’ स्लाइडवर तर कर्ब कमी आहे. इथे शब्द हवा ‘तरीही’: रंग गडद, तरीही कर्ब कमी, कारण चिकणमातीला घट्ट धरून राहिलेला थोडा ह्यूमसही माती काळी करतो. जोडशब्द सुचला नाही तर समासात प्रश्नचिन्ह टाका आणि दुसऱ्या दिवशी सरांना तेवढंच विचारा. ओढूनताणून ‘म्हणून’ लावू नका. वर्गीकरणाची नावं आणि आकडे मात्र तक्त्यातच ठेवा, त्यांची वाक्यं करण्यात वेळ जातो.

उजळणीला समासात प्रश्न लिहा: ‘भेगा का पडतात?’ मजकूर झाकून उत्तर द्या. ‘म्हणून’पाशी अडखळलात तर तो परिच्छेद अजून कच्चा आहे.

आणि पालकांनो, ‘किती पानं झाली?’ हे विचारणं आजच बंद करा. पानं मोजली की पोरं स्लाइड उतरवून काढतात. त्याऐवजी तुमच्याच रानातलं विचारा: वाफसा येईपर्यंत तुम्ही दरवर्षी थांबता. ओल्या काळ्या रानात औत का घालता येत नाही, एवढं पोराला वही न उघडता सांगायला लावा.