पडकं घर, बंद दार आणि पाऊस : गॉथिक कादंबरीतली वातावरणनिर्मिती ('जेन एअर'च्या आधारे)

नववी-दहावीच्या मुलांना 'एक भयकथा लिहा' असं सांगितलं की बहुतेक वह्यांमध्ये सुरुवात सारखीच येते. अमावस्येची रात्र, गावाबाहेरचा पडका वाडा, विजांचा कडकडाट, कुत्र्याचं रडणं. सगळं साहित्य जागच्या जागी असतं, पण वाचताना भीती मात्र वाटत नाही. असं का होतं, हे मुलांना नीट समजावून सांगायचं असेल तर एखादी चांगली गॉथिक कादंबरी उघडून तिच्यात वाडा, रहस्य आणि हवामान नेमकं काय काम करतात ते पाहावं लागतं. या पाठासाठी आपण शार्लट ब्राँटे यांची 'जेन एअर' घेऊ. ती 1847 साली लंडनमध्ये 'करर बेल' या टोपणनावाने प्रसिद्ध झाली.

आधी 'गॉथिक' या शब्दाबद्दल थोडंसं. 1764 मध्ये होरेस वॉलपोल यांची 'द कॅसल ऑफ ओट्रँटो' ही कादंबरी आली. तिच्यापासून ही परंपरा सुरू झाली असं मानतात. जुना किल्ला, घराण्याचं दडवलेलं पाप, भुयारं आणि संकटात सापडलेली तरुणी हे त्यातले ठरलेले घटक. शार्लट ब्राँटे लिहायला बसल्या तोवर हे घटक वापरून वापरून गुळगुळीत झाले होते. म्हणूनच त्यांनी त्यात काय बदल केला ते पाहण्यासारखं आहे.

घर : पडकं नसलेलं

अठरा वर्षांची अनाथ जेन थॉर्नफिल्ड नावाच्या हवेलीत शिक्षिका म्हणून येते. ही हवेली पडकी नाही. शेकोटी पेटलेली आहे, कारभार बघणाऱ्या मिसेस फेअरफॅक्स प्रेमळ आहेत, शिकायला आदेल नावाची लहान मुलगी आहे. दुसऱ्या दिवशी मिसेस फेअरफॅक्स जेनला घर दाखवतात. खालचे दिवाणखाने झकपक आहेत. तिसऱ्या मजल्यावर मात्र जुन्या काळचं, आता कुणाला नको असलेलं सामान भरून ठेवलं आहे. तिथला बोळ अरुंद आणि अंधारा आहे, दोन्ही बाजूंना छोटी काळी दारं आणि सगळी बंद.

म्हणजे लेखिकेने घराचे दोन भाग केले. खालचा भाग पाहुण्यांना दाखवायचा, वरचा भाग विसरून जायचा. वाचकाला वाचता वाचता लक्षात येतं की ही विभागणी घरमालक रॉचेस्टर यांच्या आयुष्याचीही आहे. मुलांच्या गोष्टीतला पडका वाडा इथेच कमी पडतो. तो पहिल्याच ओळीत पडलेला असतो, त्यामुळे पुढे त्याचं काही व्हायचं उरत नाही. थॉर्नफिल्ड उभं आहे, नीटनेटकं आहे, आणि म्हणूनच ते कधीतरी कोसळू शकतं.

रहस्य : प्रश्नाबरोबर खोटं उत्तर

त्याच बोळात जेनला एक विचित्र हसणं ऐकू येतं. वेळ कोणती? भर दुपारची. ती नुकतीच गच्चीवरून स्वच्छ उन्हातला परिसर बघून खाली आली आहे. भुताखेतांना साजेसं आजूबाजूला काहीच नाही, हे ती स्वतःच नमूद करते. मिसेस फेअरफॅक्स सांगतात, ती ग्रेस पूल असेल, शिवणकाम करणारी नोकर. दार उघडतं आणि खरोखरच एक साधीसुधी, जाडजूड बांध्याची बाई बाहेर येते. प्रश्न मिटला. पण हे हसणं आणि हा चेहरा एकमेकांशी जुळत नाहीत, एवढं वाचकाच्या मनात राहून जातं.

पुढे हेच तंत्र वाढत्या क्रमाने येतं. एका रात्री जेनच्या दाराशी तेच हसणं ऐकू येतं आणि बघते तर रॉचेस्टर यांच्या बिछान्याला आग लागलेली. जेन पाणी ओतून ती विझवते. उत्तर पुन्हा तेच, ग्रेस पूल. पण दुसऱ्या दिवशी ग्रेस शांतपणे नव्या पडद्यांना कड्या शिवत बसलेली दिसते. नंतर जेनच्या कानावर येतं की या बाईला इतर नोकरांपेक्षा बराच जास्त पगार आहे. बोलणाऱ्या बायका जेनला बघून गप्प होतात. मग मेसन नावाच्या पाहुण्यावर रात्री हल्ला होतो. किंकाळीने घर जागं होतं, तेव्हा बाकीच्या पाहुण्यांना सांगितलं जातं की एका नोकराणीला वाईट स्वप्न पडलं. शेवटी लग्नाच्या दोन रात्री आधी एक अनोळखी बाई जेनच्या खोलीत शिरते आणि लग्नाचा बुरखा फाडून टाकते. या वेळी मात्र जेन चेहरा बघते आणि ठामपणे म्हणते, ही ग्रेस नव्हती.

या क्रमात प्रत्येक घटना आधीच्यापेक्षा जवळ येते : आधी बोळात आवाज, मग दाराबाहेर, मग शेवटी थेट खोलीत. आणि प्रत्येक वेळी दिलेलं उत्तर आधीपेक्षा अपुरं पडत जातं. नुसतं लपवून ठेवलं असतं तर वाचक कंटाळला असता. पटेल-न पटेल असं उत्तर दिल्यामुळे तो स्वतः शंका घेऊ लागतो. वातावरण म्हणतात ते या शंकेतून तयार होतं. नुसत्या वर्णनातून ते येत नाही.

उलगडा चर्चमध्ये, लग्नाच्या वेळी होतो. रॉचेस्टर यांचं लग्न जमैकात पंधरा वर्षांपूर्वीच झालेलं आहे आणि त्यांची मानसिक आजार झालेली बायको, बर्था, त्याच तिसऱ्या मजल्यावर कोंडलेली आहे. ग्रेस तिची राखण करते.

हवामान : पात्राला माहीत नसलेलं सांगणारं

आता हवामान. हसण्याच्या प्रसंगी ऊन आहे हे आपण पाहिलं, म्हणजे 'भीती तिथे वादळ' असा सोपा हिशेब लेखिका करत नाही. मग वादळ कुठे येतं? रॉचेस्टर जेनला मागणी घालतात तेव्हा! उन्हाळ्यातली शांत संध्याकाळ, बाग, चेस्टनटचं मोठं झाड. जेन होकार देते, ती आयुष्यात कधी नव्हे इतकी आनंदात आहे आणि नेमकं तेव्हा वारं सुटतं, वीज कडाडते, दोघं भिजत घरात पळतात. सकाळी आदेल सांगत येते की रात्री त्या झाडावर वीज पडून ते दुभंगलं.

जेनला काही ठाऊक नाही. रॉचेस्टर यांना सगळं ठाऊक आहे, पण ते बोलत नाहीत. बोलतं ते फक्त हवामान. लग्नाआधी जेन पुन्हा त्या झाडापाशी जाते. खोड चिरलेलं आहे, पण दोन्ही भाग बुंध्याशी अजून जोडलेले आहेत. पुढे या दोघांचं काय होणार, ते सगळं त्या झाडात आहे. कादंबरीच्या शेवटी दृष्टी आणि एक हात गमावलेले रॉचेस्टर स्वतःची तुलना याच झाडाशी करतात.

आणि घर? लग्नाआधीच जेनला स्वप्नात थॉर्नफिल्ड उजाड, घुबडं-वटवाघळांचं घर झालेलं दिसतं. सुमारे वर्षभराने ती परत येते तेव्हा खरोखर काळवंडलेल्या भिंती उभ्या असतात. बर्थाने लावलेल्या आगीत हवेली जळाली आणि गच्चीवरून उडी घेऊन बर्था मेली. पडकं घर आलं, पण शेवटी. रहस्य उघडं पडल्यावर ते दडवणारं घर उरलं नाही.

हे फसतं कधी?

याचं उत्तम उदाहरण जेन ऑस्टिन यांनी 'नॉर्थँगर अ‍ॅबी'त थट्टेने दिलं आहे. गॉथिक कादंबऱ्या वाचून भारावलेली कॅथरिन जुन्या मठात पाहुणी जाते. वादळी रात्री कपाटात तिला कागदांची गुंडाळी सापडते, मेणबत्ती विझते, ती रात्रभर घाबरून जागी. सकाळी बघते तर ती धोब्याकडच्या कपड्यांची यादी! वारा, कपाट, अंधार सगळं होतं, पण दडवलेलं काही नव्हतं. मुलांची कथा तपासताना हाच प्रश्न विचारायचा : वादळ काढून टाकलं तर या गोष्टीत काही उरतं का? 'जेन एअर'मध्ये उरतं.

एक गोष्ट टाळू नये

हा पाठ घेताना मुलं हमखास म्हणतात, "म्हणजे ती वेडी बाईच भूत होती!" इथे थांबायला हवं. कादंबरीला भीती निर्माण करण्यासाठी एक आजारी बाई वापरावी लागली आहे. तिचं हसणं आपल्याला ऐकू येतं, पण तिचं म्हणणं एकदाही ऐकू येत नाही. तिची हकीकत सांगतात ते तिला कोंडणारे रॉचेस्टर. कॅरिबियन बेटावर जन्मलेल्या लेखिका जीन ऱ्हिस यांना हेच खटकलं आणि त्यांनी 1966 मध्ये 'वाइड सार्गासो सी' ही कादंबरी लिहून त्या स्त्रीला तिची बाजू मांडायला दिली. वर्गातल्या एखाद्या मुलाच्या घरी मानसिक आजाराचा रुग्ण असू शकतो, हे आपण विसरता कामा नये. तंत्राचं कौतुक करावं, पण 'घाबरायचं कुणाला?' हा प्रश्नही मुलांसमोर ठेवावा. पालकांनी घरी वाचून दाखवतानाही हे जरूर बोलावं.

वर्गात करण्यासाठी

वहीत तीन रकाने आखायला सांगा : घरात काय दिसलं, त्याचं काय कारण सांगितलं गेलं, त्या वेळी हवा कशी होती. हसणं, आग, मेसनवरचा हल्ला आणि बुरखा हे चार प्रसंग भरून घ्या. मधल्या रकान्यातली कारणं मुलांनी मोठ्याने वाचली की ती कशी लंगडी होत जातात ते त्यांचं त्यांनाच कळतं. त्यानंतर कथा लिहायला द्या, पण एक अट घाला : घर राहतं आणि नीटनेटकं हवं, पहिला प्रसंग दिवसाउजेडी घडायला हवा, आणि घरातल्या कुणीतरी त्याचं साधं, पण थोडंसं न पटणारं कारण सांगायला हवं. नारायण धारप किंवा रत्नाकर मतकरी वाचणारी मुलं वर्गात असतील तर त्यांच्या आवडत्या कथेलाही हे तीन रकाने लावून बघायला सांगा. कुठला रकाना रिकामा राहतो, त्यावर चांगली चर्चा होते.