एका पानाची यशकथा : अडचण, कृती आणि मोजता येणारा निकाल



मंडळीत साक्ष द्यायची सवय आपल्याला लहानपणापासून असते. उभे राहायचे, आधी काय होते आणि आता काय आहे ते मनापासून सांगायचे. पाड्यावर काम करणारे आपले स्वयंसेवक केस स्टडी लिहायला बसतात तेव्हा हीच सवय हाताशी येते आणि इथेच चूक होते. साक्ष देणारा स्वतःबद्दल बोलतो. केस स्टडी आपण दुसऱ्याबद्दल लिहितो, आणि बहुतेक वेळा ते पान त्या माणसाला वाचताही येत नाही. म्हणून तिथे आपल्या भावनेपेक्षा वहीतली नोंद महत्त्वाची ठरते.

या पाठात एकच नियम शिकू : ज्या मापाने अडचण सांगितली, त्याच मापाने निकाल सांगायचा. त्यासाठी कुपोषित बालकाचे उदाहरण घेऊ. हे उदाहरण शिकवण्यासाठी रचलेले आहे, पण जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर काम केलेल्यांना ते ओळखीचे वाटेल.

आधी पहिला मसुदा पाहू

एका स्वयंसेविकेने असे लिहून आणले, असे समजा : “मंगल ही अत्यंत गरीब घरातली मुलगी. ती अगदी अशक्त झाली होती. आमच्या ताईंनी तिला दवाखान्यात नेले, पौष्टिक आहार दिला. आज मंगल हसते, खेळते. तिच्या आईच्या डोळ्यांत आनंदाश्रू आहेत.”

यात खोटे काहीच नाही. पण ‘अशक्त’ म्हणजे किती, ‘आज’ म्हणजे कोणत्या तारखेला, आणि आहार दिला कोणी, हे कळत नाही. हसणे हा निकाल म्हणून लिहिला आहे, पण ती आधी हसत नव्हती असे अडचणीत कुठेच म्हटलेले नाही. त्यामुळे दोन टोके जुळत नाहीत.

अडचण : पहिल्या दिवशीचे माप

अडचण म्हणजे गरिबीचे वर्णन नव्हे. आपण पहिल्यांदा भेटलो त्या दिवशी काय मोजले, ते अडचणीत येते. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकासाठी दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी अंगणवाडी सेविकेकडे असते. घेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी म्हणजे लाल भाग, तीव्र कुपोषण. 11.5 पासून 12.5 च्या आतपर्यंत पिवळा भाग, मध्यम कुपोषण. 12.5 आणि त्यापुढे हिरवा.

पट्टी डाव्या दंडावर, खांद्याचे टोक आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर लावतात. हात सैल सोडलेला हवा. पट्टी आवळली तर घेर कमी दिसतो, सैल राहिली तर जास्त. लाल-पिवळ्याची सीमा दोन-तीन मिलिमीटरने ओलांडली जाते, म्हणून माप दोनदा घ्यावे आणि शक्यतो दर वेळी एकाच व्यक्तीने घ्यावे. वजनासाठी काटा तोच हवा, तो शून्यावर आहे ना हे पाहावे आणि अंगावर कमीत कमी कपडे असावेत. आणखी एक खूण म्हणजे दोन्ही पायांवर सूज. ती असेल तर पट्टी हिरवी दाखवत असली तरी बालक तीव्र कुपोषितच धरतात.

हे पहिले माप वहीत नसेल तर निकाल कधीच लिहिता येणार नाही. तीन महिन्यांनी आठवून लिहिलेला आकडा माप म्हणून धरू नये.

कृती : कोणी काय केले

मंगलला ताप होता आणि ती खात नव्हती. अशा तीव्र कुपोषित बालकाला पाड्यावरच्या आहारावर ठेवत नाहीत, पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करतात. तिथे आई आणि बाळ साधारण चौदा दिवस राहतात. उपचार, औषधे आणि विशेष आहार सरकारी केंद्र देते.

मग आपण काय केले? हा प्रश्न टाळला की ‘आम्ही मुलीला वाचवले’ असे वाक्य येते आणि डॉक्टर, परिचारिका, आशाताई व अंगणवाडीताई पानावरून गायब होतात. मंगलच्या घरात अडकले होते ते वेगळेच. जुलैमध्ये आवणी चालू होती. सासू म्हणाली, “आवणी सोडून ही दवाखान्यात बसली तर रोपं कोण लावणार? आणि या दोघा पोरांना कोण बघणार?” आपल्या कार्यकर्तीने घरी तीन फेऱ्या मारल्या. मागच्या घरातल्या काकूंनी दोन्ही मुलांना सांभाळायचे कबूल केले, त्यांच्या शिध्याचा खर्च आणि जाण्या-येण्याची गाडी संस्थेने दिली. घरी परतल्यावर कार्यकर्ती दर पंधरा दिवसांनी जाऊन माप घेत राहिली. आपले काम एवढेच होते, आणि ते लहान नाही. उपचार होता, पण या घरातून तिथवर पोहोचायला वाट नव्हती. असे लिहिले की दुसऱ्या पाड्यावरच्या स्वयंसेवकालाही नेमके काय करायचे ते समजते.

निकाल : वाढ आणि बरे होणे

आता आकड्यांकडे येऊ. 6 जुलैला मंगल 18 महिन्यांची होती. वजन 7.0 किलो, घेर 11.2. 21 जुलैला केंद्रातून निघताना वजन 7.7 किलो. 21 सप्टेंबरला 8.4 किलो आणि घेर 12.6, म्हणजे हिरवा.

‘वजन 20 टक्क्यांनी वाढले’ असे लिहायचा मोह होतो. गणित बरोबर आहे, पण थोडे थांबा. या वयाचे निरोगी मूल काही न करताही महिन्याला साधारण 200 ग्रॅम वाढते. म्हणजे अडीच महिन्यांत अर्धा किलो तसाही वाढायला हवा होता. 1.4 किलो वाढले हे त्याच्या जवळजवळ तिप्पट, म्हणून ते सुधारण्याचे चिन्ह आहे. नुसते ‘वजन वाढले’ हे नव्हे. दंडाचा घेर या वयात इतक्या वेगाने आपोआप वाढत नाही, म्हणून लाल ते हिरवा हा बदल जास्त स्पष्ट बोलतो.

इथे माझी एक चूक सांगते. सुरुवातीच्या वर्षांत मी एका बालकाची यशकथा केंद्रातून सुटी मिळाली त्याच दिवशी लिहून दिली. ती छापून आली, लोकांनी कौतुकाची पत्रे पाठवली. चार महिन्यांनी मी त्या पाड्यावर गेले तर मूल पुन्हा लाल पट्टीत होते. मी लिहिलेला आकडा खरा होता, फक्त मी फार लवकर थांबले होते.

मंगलच्या बाबतीतही दिवाळीनंतर कुटुंब भिवंडीकडे वीटभट्टीवर गेले. 20 डिसेंबरला कार्यकर्तीने तिथे जाऊन मोजले : वजन 8.5 किलो, घेर 12.2. तीन महिन्यांत फक्त 100 ग्रॅम वाढ, आणि पट्टी पुन्हा पिवळी. हे पानावर लिहायचे का? लिहायचेच. ते वगळले तर देणगीदाराला वाटेल की चौदा दिवसांत प्रश्न संपतो, आणि पुढच्या वर्षी वीटभट्टीवरच्या भेटींसाठी तो पैसे का देईल?

तयार पान असे दिसेल

*अडचण.* 6 जुलैला मंगल (नाव बदलले आहे) 18 महिन्यांची होती. वजन 7.0 किलो, दंडाचा घेर 11.2 सें.मी., म्हणजे तीव्र कुपोषण. ताप होता, खाणे बंद होते. आवणीमुळे आणि घरातल्या दोन मुलांमुळे आई केंद्रात राहू शकत नव्हती.

*कृती.* कार्यकर्तीने घरी तीन भेटी दिल्या. शेजारच्या काकूंनी मुले सांभाळली, शिधा आणि गाडी संस्थेने दिली. पोषण पुनर्वसन केंद्रात 7 ते 21 जुलै उपचार झाले. त्यानंतर अंगणवाडीतील आहार चालू राहिला आणि दर पंधरा दिवसांनी माप घेतले.

*निकाल.* 21 सप्टेंबरला वजन 8.4 किलो, घेर 12.6, कुपोषणातून बाहेर. 20 डिसेंबरला वीटभट्टीवर घेर 12.2, पुन्हा मध्यम कुपोषण. भट्टीजवळच्या अंगणवाडीत नाव नोंदवले आहे. या तिमाहीत आम्ही केंद्रात पोहोचवलेल्या 9 बालकांपैकी 6 हिरव्या पट्टीत आली, 2 पिवळ्या पट्टीत आहेत, एक कुटुंब स्थलांतरामुळे भेटले नाही.

शेवटचे वाक्य विसरू नका. सगळ्यांत चांगले एक मूल निवडून त्याची कथा लिहिता येते. बाकीच्या आठांचा आकडा शेजारी ठेवला की वाचकाला खरे चित्र दिसते.

छापण्याआधी

पान तयार झाले की ते आईला तिच्या बोलीत वाचून दाखवा आणि छापू का, असे विचारा. ती नको म्हणाली तर तिच्या घरचे उपचार आणि भेटी तशाच चालू राहतील, हेही सांगा. भीतीपोटी दिलेला होकार हा होकार नसतो. नाव बदलले तरी पाड्याचे नाव, वडिलांचे आडनाव आणि चेहऱ्याचा फोटो एकत्र आले तर सारे गाव ओळखते. म्हणून पाड्याचे नाव गाळा, आणि फोटो हवाच असेल तर पट्टी लावलेल्या हाताचा घ्या.

एक गोष्ट आपल्यासारख्यांनी खास जपायची. ते कुटुंब प्रार्थनेला येऊ लागले असेल तर त्याचा आनंद जरूर माना, पण ते या पानावरच्या निकालात लिहू नका. अडचण दंडाच्या घेराची होती. निकालात उपासना आली की शिधा आणि गाडी कशासाठी दिली, असा संशय वाचणाऱ्याला येतो, आणि ती आई उद्या मोकळेपणाने दार उघडणार नाही.

मार्चमध्ये कार्यकर्ती पुन्हा भट्टीवर जाणार आहे. तिच्या वहीत मंगलच्या नावापुढे चौथा रकाना अजून कोरा आहे. यशकथा लिहिताना असा एक रकाना तुमच्याही वहीत ठेवा.