गाळा विकत घ्यावा की नवा बांधावा?

महाडच्या बाजारपेठेत भाड्याच्या जागेत फर्निचरचे काम करणारा एक कारागीर डोळ्यांसमोर आणा. जागामालकाने जागा रिकामी करायला सांगितली आहे. बाजारपेठेतच, सखल भागात, एक तयार गाळा १६ लाखांना मिळतो आहे. दुसरीकडे पोलादपूरच्या बाजूला नदीपासून उंचावर वडिलार्जित जमीन आहे. तिथे शेड बांधायचा अंदाज साडेपंधरा लाखांचा निघाला आहे. फरक अवघा ५० हजारांचा, मग चालती बाजारपेठ कशाला सोडायची, असे कोणीही म्हणेल. (हे आकडे समजण्यासाठी धरले आहेत. आपल्या धंद्याचे आकडे ज्याने त्याने घालावेत.)

परंतु दोन्ही किमती आजच्या आहेत. पुढच्या दहा वर्षांत काय घडू शकते ते त्यांत आलेले नाही. ते हिशेबात आणण्याची एक रीत आहे. एखादी गोष्ट घडली तर होणारे नुकसान आणि ती घडण्याची शक्यता यांचा गुणाकार करायचा. येणाऱ्या रकमेला अपेक्षित मूल्य म्हणतात. शेकडा ४० शक्यतेने ५ लाख जाणार असतील, तर अपेक्षित नुकसान २ लाख. अशा अनेक शक्यता एकातून एक फुटत असल्या की त्या कागदावर झाडासारख्या काढतात. जिथे निर्णय आपल्या हातात तिथे चौकोन, जिथे नशिबाच्या हातात तिथे वर्तुळ. झाड डावीकडून उजवीकडे काढायचे आणि हिशेब मात्र फांद्यांच्या टोकाकडून मुळाकडे आणायचा.

आपल्या चौकोनातून दोन फांद्या निघतात : घेणे आणि बांधणे.

घेण्याच्या फांदीवरचे वर्तुळ म्हणजे पूर. सावित्री महाबळेश्वराहून उतरून पोलादपूरवरून महाडला येते, गांधारी तिला महाडजवळ मिळते, आणि त्याच वेळी बाणकोटच्या खाडीला भरती असली की पाण्याला उतरायला वाट राहत नाही. २६ जुलै २००५ च्या सुमारास आणि २२ जुलै २०२१ रोजी काय झाले ते महाडकरांना सांगायला नको. २००५ ते २०२४ या वीस वर्षांत असे दोन मोठे पूर, म्हणजे वर्षाला शेकडा १० शक्यता धरू. (मोजणी पुराच्याच वर्षापासून सुरू केली की शक्यता थोडी फुगते, हे ध्यानात असावे.)

इथे बरेच जण चुकतात. वर्षाला शेकडा १०, म्हणून दहा वर्षांत पूर येणारच, असे ते धरतात. वास्तविक एक वर्ष कोरडे जाण्याची शक्यता शेकडा ९० आहे. ०.९ ला ०.९ ने असे दहा वर्षांसाठी गुणत गेले की ०.३५ उरते. म्हणजे दहाही वर्षे सुखरूप जाण्याची शक्यता शेकडा ३५. त्याच रीतीने एकच पूर येण्याची सुमारे ३९ आणि दोन किंवा जास्त येण्याची सुमारे २६. प्लायवुड, मोटारी, तयार माल आणि बंद पडलेले दिवस मिळून एका पुरात ६ लाख जातात असे धरा. एका पुराच्या फांदीवर ३९ टक्क्यांनी ६ लाख, म्हणजे २.३४ लाख. दोन पुरांच्या फांदीवर २६ टक्क्यांनी १२ लाख, म्हणजे ३.१२ लाख. बेरीज सुमारे साडेपाच लाख. १६ लाखांचा गाळा अशा रीतीने साडेएकवीस लाखांना पडतो.

आता बांधण्याची फांदी. ग्राहक आणि बाजार महाडात, म्हणून टेम्पोचा खर्च वर्षाला ३० हजार, दहा वर्षांचे ३ लाख. हा खर्च होणारच, त्याला शक्यता लावायची नाही. साडेपंधरा आणि तीन, झाले साडेअठरा. वर्तुळ आहे ते बांधकामाचे. छप्पर जूनच्या आत चढले तर ठीक. नाही चढले तर आपल्या पावसात काम दिवाळीपर्यंत गेलेच. वाढलेली मजुरी, तोपर्यंतचे भाडे आणि हातची गेलेली कामे मिळून ५ लाख धरा. अंदाजात राहून काम पुरे होण्याची शक्यता शेकडा ६०, लांबण्याची ४०. अपेक्षित वाढ २ लाख, एकूण साडेवीस लाख. ४० हा आकडा मनाने ठरवू नये. त्याच गवंड्याची मागची दहा कामे विचारावीत आणि त्यांतली किती लांबली ते मोजावे.

म्हणजे बांधणे लाखभराने स्वस्त. हा फरक इतका थोडा आहे की आपण धरलेला आकडा जरा हलला तर निर्णय फिरेल. म्हणून उलटा प्रश्न विचारायचा : पुराची शक्यता किती असली तर दोन्ही सारखे पडतील? पुराचे अपेक्षित नुकसान साडेचार लाखांवर आले की बरोबरी होते, आणि त्यासाठी शक्यता वर्षाला शेकडा ८ असावी लागते. दर बारा-तेरा वर्षांनी एक मोठा पूर, त्याहून विरळ असे ज्याला खात्रीने वाटते त्याने गाळा घ्यावा.

एक तिसरी फांदी मात्र पुष्कळदा काढायचीच राहून जाते. गाळा घेऊन आत लाखभराचा पक्का माळा घातला आणि माल वेळेत वर चढवला, तर नुकसान ६ ऐवजी ३ लाख. मग एकूण खर्च येतो सुमारे १९ लाख ७० हजार, म्हणजे बांधण्यापेक्षाही कमी! पण २०२१ साली पाणी रात्रीतून चढले. रात्री दुकानात माल उचलायला असते कोण? दोनपैकी एकाच वेळी माल वर गेला असे धरले, तर सरासरी नुकसान साडेचार लाख आणि एकूण खर्च २१ लाख १० हजार होतो. निर्णय पुन्हा बांधण्याकडे जातो. या कारागिराचा सगळा निकाल पावसाळ्याच्या रात्री गाळ्यावर माणूस असतो की नाही, एवढ्या एका गोष्टीवर येऊन ठेपतो. माळाही पुराच्या खुणेच्या वर हवा. शेजारच्या भिंतीवर २०२१ ची खूण अजून दिसत असेल तर टेपने मोजून घ्यावी, नाहीतर शेजाऱ्याला विचारावे.

अपेक्षित मूल्य ही सरासरी आहे. साडेएकवीस लाख हा खर्च प्रत्यक्षात कधीच होणार नाही. माळा नसेल तर होतील १६, २२ किंवा २८. बांधण्यात होतील साडेअठरा किंवा साडेतेवीस. ज्याची दहा दुकाने दहा गावांत आहेत त्याने सरासरीवर चालावे. ज्याची सगळी पुंजी या एकाच जागेत जाणार आहे त्याने २८ लाखांची फांदी आधी पाहावी. ती सोसवत नसेल, तर सरासरी कितीही बरी निघाली तरी गाळा त्याच्यासाठी नाही.

आणि पोलादपूरची जमीन उंचावर आहे म्हणजे निर्धोक आहे असे नाही. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये आणि पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व साखर सुतारवाडी येथे दरडी कोसळून माणसे गेली. वडिलार्जित जागा डोंगराच्या पायथ्याला असेल, वरच्या उतारावर भेगा दिसत असतील किंवा झाडे कलली असतील, तर तिथे शक्यतेला रुपयांनी गुणायचे नाही. ती फांदी झाडावरून तोडून टाकायची आणि पोलादपूरच्या बाजूला दुसऱ्या जागेचा भाव काढून हिशेब पुन्हा मांडायचा.