‘कान्ट हार्डली’ म्हटलं तर बिघडतं कुठं?

प्रश्न : माझी मुलगी दहावीला आहे. सराव परीक्षेत तिनं ‘आय डोन्ट नेव्हर टेल अ लाय’ आणि ‘आय कान्ट हार्डली हिअर यू’ अशी दोन वाक्यं लिहिली. सरांनी दोन्ही खोडली आणि शेजारी शेरा मारला, ‘दोन नकार आले, अर्थ उलटा झाला.’ घरी आल्यावर तिनं मला विचारलं, ‘मग मराठीत मी कधीच खोटं बोलत नाही म्हटलं, तर मी खोटं बोलते असा अर्थ होतो का?’ मला काही सांगता आलं नाही. शिवाय इंग्रजी गाण्यांत असली वाक्यं सर्रास ऐकू येतात. मग हा नियम खरा आहे का?
— एक वाचक, सेलू, जि. परभणी

उत्तर : मुलीनं विचारलेला प्रश्न सरांच्या शेऱ्यापेक्षा जास्त नेमका आहे, तेव्हा तिथूनच सुरुवात करू.

‘मी कधीच खोटं बोलत नाही’ या वाक्यात नकार दोन दिसतात, पण आहे एकच, आणि तो शेवटच्या ‘नाही’त आहे. ‘कधीच’ हा नकार नव्हे. पडताळा पाहा. कुणी विचारलं, ‘तू खोटं बोलतेस का?’ तर नुसतं ‘कधीच’ म्हणून भागत नाही. ‘कधीच नाही’ म्हणावं लागतं. ‘कोण आलं होतं?’ याला ‘कुणीच’ हे उत्तर अर्धवट वाटतं, ‘कुणीच नाही’ म्हटल्यावर ते पुरं होतं. उलट ‘कधीही ये’, ‘कुणीही येऊ शकतं’ यांत नकाराचा मागमूसही नाही. म्हणजे कधी, कुणी, काही हे शब्द आपल्याकडे तटस्थ आहेत. ‘च’ किंवा ‘ही’ त्यांना नुसता जोर देतात. नाकारण्याचं काम एकटं क्रियापद करतं.

इंग्रजीत हीच कामाची वाटणी वेगळी आहे. ‘नेव्हर’, ‘नोबडी’, ‘नथिंग’ यांच्या पोटातच ‘नाही’ बसलेलं असतं. ‘डू यू टेल लाइज?’ या प्रश्नाला एकटं ‘नेव्हर’ हे पुरं उत्तर होतं. मराठी मूल मनात ‘कधीच’ म्हणजे ‘नेव्हर’ आणि ‘नाही’ म्हणजे ‘नॉट’ अशी जोडी लावतं, आणि दोन्ही इमानदारीनं वाक्यात ठेवतं. मूळ वाक्यातला एकही शब्द त्यानं गाळलेला नसतो, म्हणून चूक त्याला दिसत नाही.

मुलीला एवढंच सांगा, की इंग्रजीत ‘नाही’ क्रियापदाला तरी द्यायचं किंवा त्या शब्दाला तरी. ‘आय नेव्हर टेल अ लाय’ म्हटलं की ‘डोन्ट’ गेलं. ‘मी काही पाहिलं नाही’ याचं ‘आय सॉ नथिंग’ होतं किंवा ‘आय डिडन्ट सी एनिथिंग’ होतं. क्रियापदाजवळ ‘नॉट’ ठेवलं, तर पुढं ‘एनिथिंग’, ‘एनीबडी’, ‘एव्हर’ ही तटस्थ मंडळी घ्यायची. आपल्या काही, कुणी, कधी यांचं खरं नातं या मंडळींशी आहे. मुलं मात्र ‘नथिंग’, ‘नोबडी’शी सोयरीक जुळवतात.

मराठीत दोन खरे नकार एकत्र आले, तर तेही एकमेकांना खाऊन टाकतात. ‘तो येणार नाही असं नाही’ म्हणजे येऊही शकेल. ‘न जाऊन चालणार नाही’ म्हणजे जावंच लागेल. तेव्हा ‘दोन नकारांचा होकार’ हे काही इंग्रजीनं शोधलेलं गणित नाही. आपल्या डोळ्यांना जे दोन दिसतात ते खरोखर दोन आहेत का, एवढाच प्रश्न आहे.

आता ‘हार्डली’. ही चूक मला जास्त रंजक वाटते, कारण तिच्यामागं मराठीतला एक विशिष्ट शब्द लपलेला असतो : ‘फारसं’. ‘मला फारसं ऐकू येत नाही’ हे वाक्य ठीक. त्यातलं ‘नाही’ काढून ‘मला फारसं ऐकू येतं’ म्हणून बघा, जीभ अडखळते. ‘फारसं’, ‘मुळीच’, ‘अजिबात’ या शब्दांना ‘नाही’ची सोबत लागतेच. मुलांना ‘हार्डली’चा अर्थ ‘फारसं नाही’ असा सांगितला, की तीही त्याचे दोन तुकडे करतात. ‘फारसं’ झालं ‘हार्डली’, ‘नाही’ झालं ‘नॉट’, आणि ‘कान्ट हार्डली’ तयार. वास्तविक ‘फारसं’ आणि ‘नाही’ हे दोन्ही मिळून एक ‘हार्डली’ होतो.

म्हणून ‘हार्डली’ शिकवताना ‘फारसं नाही’ हा अर्थ द्यायचाच नाही. ‘जेमतेम’ द्यावा. ‘मला जेमतेम ऐकू येतंय’ या वाक्यात मराठीतही ‘नाही’ नाही, आणि त्यावरून सरळ ‘आय कॅन हार्डली हिअर यू’ निघतं. ‘तो क्वचितच येतो’ यावरून ‘ही हार्डली एव्हर कम्स’. इथंही मराठी क्रियापद होकारी आहे, हे लक्षात घ्या. (जाता जाता : ‘ही वर्क्स हार्डली’ म्हणजे तो खूप कष्ट करतो असं नव्हे, तो जेमतेम काम करतो. शिफारसपत्रात हे लिहिलेलं मी वाचलं आहे.)

‘हार्डली’त नकार आहे हे कशावरून? वाक्याच्या शेवटी जो छोटा प्रश्न जोडतात त्यावरून. होकारी वाक्याला नकारी शेपूट लागतं आणि नकारी वाक्याला होकारी, हे दहावीच्या मुलांना पाठ असतं. ‘यू कॅन हार्डली हिअर मी’ याला शेपूट लागतं ते ‘कॅन यू?’ हे. म्हणजे इंग्रजी कान हे वाक्य नकारीच मोजतो. ‘स्केअर्सली’, ‘बेअरली’, ‘सेल्डम’ आणि ‘रेअरली’ हे याच घरातले.

राहिला गाण्यांचा मुद्दा. १९६५ साली आलेल्या ‘रोलिंग स्टोन्स’च्या गाजलेल्या गाण्याच्या नावातच ‘कान्ट गेट नो’ आहे, आणि त्याचा अर्थ ‘समाधान मिळतं’ असा कुणीही लावला नाही. इंग्लंड-अमेरिकेतल्या अनेक बोलींमध्ये दोन नकारांनी जोर वाढतो, आणि ‘कान्ट हार्डली’ही तिथं बोललं जातं. जुन्या इंग्रजीत तर ही सर्वमान्य रीत होती. चौदाव्या शतकातल्या चॉसरनं ‘कँटरबरी टेल्स’मध्ये आपल्या सरदाराचं वर्णन करताना एकाच वाक्यात चार नकार घातले आहेत, आणि तो सरदार वाईट बोलायचा असा अर्थ कुणी काढत नाही. पुढं शिकल्यासवरलेल्यांच्या लेखनातून ही रीत हळूहळू गेली. अठराव्या शतकात रॉबर्ट लाउथसारख्या व्याकरणकारांनी दोन नकार एकमेकांना रद्द करतात असा नियम छापला; तोवर लेखनातला बदल बहुतेक घडून गेला होता. त्यामुळं ‘अर्थ उलटा झाला’ हा सरांचा शेरा मला थोडा जास्तीचा वाटतो. इंग्रजी माणसाला तुमच्या मुलीचं वाक्य बरोब्बर कळेल. फक्त ते परीक्षेच्या, अर्जाच्या आणि पुस्तकाच्या इंग्रजीत बसत नाही, म्हणून गुण कापणं योग्यच आहे.

प्रश्न : ‘अनलेस’ आणि ‘अन्टिल’ घालून वाक्य पुन्हा लिहा, या प्रश्नात आमची मुलं हमखास ‘नॉट’ ठेवतात. कितीदा सांगितलं तरी पुन्हा तेच. काय करावं?
— एक शिक्षिका, जिंतूर

उत्तर : नियम सांगून हे सुटत नाही, कारण मुलाच्या मनातलं मराठी वाक्यच ‘नॉट’ मागत असतं. ते मराठी वाक्य बदलायला हवं. जूनमध्ये आपल्याकडे घरोघरी जे बोललं जातं तेच घेऊ : पाऊस नाही पडला तर पेरणी करता येणार नाही. इंग्रजीत ‘इफ इट डझ नॉट रेन, वी कॅनॉट सो’. आता ‘अनलेस’ घालायचं. मूल ‘इफ’ खोडतं, त्या जागी ‘अनलेस’ लिहितं आणि बाकीचं जसंच्या तसं ठेवतं : ‘अनलेस इट डझ नॉट रेन, वी कॅनॉट सो’. याचा अर्थ काय झाला? पाऊस पडला तर पेरणी नाही! सोयाबीन, कापूस आणि तूर पावसाच्या भरवशावर पेरणाऱ्या वर्गाला हे वाक्य फळ्यावर लिहून अर्थ सांगायला लावा. हसतील आणि चूक त्यांची त्यांनाच दिसेल.

‘अनलेस’ हा ‘इफ’ आणि ‘नॉट’ या दोघांना मिळून एकच शब्द आहे. मराठीत त्याचा अस्सल जोडीदार आहे ‘शिवाय’. ‘पाऊस पडल्याशिवाय पेरणी करता येणार नाही’ या वाक्याच्या पहिल्या भागात ‘नाही’ उरलेलंच नाही. यावरून वाक्य बांधलं, की ‘अनलेस इट रेन्स, वी कॅनॉट सो’ आपोआप येतं. इथं एक गोष्ट तपासायला सांगा. ‘डझ’ गेल्यामुळं ‘रेन’चं ‘रेन्स’ झालं का? ‘नॉट’ काढायचं ध्यानात ठेवणारी मुलंही इथं चुकतात.

‘अन्टिल’ची गत तीच. ‘जोपर्यंत तू येत नाहीस तोपर्यंत मी जेवणार नाही’ हे मराठी निर्दोष आहे, पण त्यावरून ‘अन्टिल यू डोन्ट कम’ हेच निघणार. तीच गोष्ट मराठीत दुसऱ्या तऱ्हेनंही म्हणता येते : ‘तू येईपर्यंत मी जेवणार नाही’. यातला पहिला भाग होकारी आहे. त्यावरून ‘आय विल नॉट ईट अन्टिल यू कम’. मुलांकडून आधी जोपर्यंतची दहा वाक्यं येईपर्यंत, होईपर्यंत, मिळेपर्यंत अशी मराठीतच बदलून घ्या. एक तास पूर्ण मराठीत गेला तरी चालेल. मुख्याध्यापकांनी विचारलं तर इंग्रजीच शिकवतेय म्हणून सांगा.

मुख्य वाक्यातलं ‘नॉट’ मात्र ठेवायचं आहे. ‘नॉट नको’ एवढंच डोक्यात बसलेली मुलं मागचंही उडवतात आणि ‘अनलेस इट रेन्स, वी कॅन सो’ लिहून मोकळी होतात.

प्रश्न : ‘ऑल ट्रेन्स डू नॉट स्टॉप अ‍ॅट मानवत रोड’ हे बरोबर आहे का?
— एक वाचक, मानवत

उत्तर : तुम्हाला काही गाड्या थांबतात, काही थांबत नाहीत असं म्हणायचं असेल, तर ‘नॉट’ चुकीच्या जागी पडलं आहे. ‘सगळ्या गाड्या थांबत नाहीत’ हे मराठी वाक्यही मुळात दुहेरी आहे, पण बोलताना आपण ‘सगळ्या’वर जोर देतो आणि ऐकणारा समजून घेतो. लिहिलेल्या इंग्रजीत तो जोर दिसत नाही. वाचणारा ‘एकही थांबत नाही’ असं समजून परभणी जंक्शनलाच उतरेल आणि तिथून एसटी धरेल. ज्याला नाकारायचं त्याच्या अगदी आधी ‘नॉट’ ठेवा : ‘नॉट ऑल ट्रेन्स स्टॉप अ‍ॅट मानवत रोड’. आणि खरोखरच एकही थांबत नसती, तर ‘नो ट्रेन स्टॉप्स’ म्हणायचं. तिथं पुन्हा ‘डझ नॉट’ लावायचं नाही, ते का हे सेलूच्या वाचकांना वर सांगितलंच आहे.