कंपनीची ओळख : पाच पायऱ्या



तारापूर औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कंपनीत आपल्याला नोकरी देऊ केली जाते, किंवा कोणी तिचे शेअर्स घ्या म्हणतो. होकार देण्यापूर्वी ती कंपनी कशी आहे हे कोणाला न विचारताही बरेचसे कळू शकते. आज आपण पालघर जिल्ह्यातीलच आरती ड्रग्ज लिमिटेड ही औषधी द्रव्ये बनवणारी कंपनी उदाहरणादाखल घेऊ.

पहिली पायरी, पूर्ण नाव. ‘आरती कंपनी’ एवढ्यावर भागत नाही, कारण आरती इंडस्ट्रीज ही वेगळी कंपनी आहे. म्हणून नोंदणी क्रमांक पाहावा. तो एकवीस अक्षरांचा असतो आणि कायद्याने कंपनीच्या पत्रव्यवहाराच्या कागदावर छापावा लागतो. आरती ड्रग्जचा क्रमांक L37060MH1984PLC055433 असा आहे. L म्हणजे शेअर बाजारात नोंदलेली. नोंदलेली नसेल तर U येतो. पुढचे पाच अंक उद्योगाचे, MH महाराष्ट्राचे, १९८४ स्थापनेचे वर्ष, PLC म्हणजे पब्लिक कंपनी. एखादा ‘तीस वर्षे जुनी कंपनी’ म्हणत असेल आणि क्रमांकात गेल्या वर्षीचा आकडा असेल, तर तेथेच थांबून खुलासा मागावा.

दुसरी पायरी, सरकारी नोंद. mca.gov.in या संकेतस्थळावर Master Data मध्ये हा क्रमांक घातला की नोंदणीकृत पत्ता, संचालक आणि स्थिती दिसते. आरती ड्रग्जचा नोंदणीकृत पत्ता तारापूर एमआयडीसीतील प्लॉट एन-१९८ हाच आहे. स्थिती Active असली म्हणजे कंपनी उत्तम चालते असे नव्हे. तिचे नाव दप्तरात जिवंत आहे, एवढाच त्याचा अर्थ. Strike Off म्हणजे नाव काढून टाकलेले. तेथेच तारण ठेवून घेतलेल्या कर्जांची यादी असते. कर्ज फिटले की तशी तारीख नोंदवली जाते. जुनी कर्जे न फिटता नवी वाढत असतील, तर ते ध्यानात ठेवावे.

तिसरी पायरी, वार्षिक अहवाल. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचा अहवाल फुकट मिळतो. इतरांचे हिशेब थोडे शुल्क भरून त्याच सरकारी संकेतस्थळावर पाहता येतात. अध्यक्षांचे भाषण मागे ठेवून प्रथम लेखापरीक्षकाचा अभिप्राय वाचावा. मग रोख प्रवाहाचे पत्रक उघडावे. शंभर रुपयांचा माल उधारीवर विकला, तर पैसे न येताही विक्री नोंदली जाते आणि नफा दिसतो. वर्षामागून वर्षे नफा आहे, पण धंद्यातून रोकड येत नाही आणि येणे वाढतच चालले आहे, असे दिसले तर पगार लांबण्याची वेळ फार दूर नसते. एका वर्षाचा आकडा फसवतो. निदान तीन वर्षे शेजारी मांडावीत.

चौथी पायरी, भविष्य निर्वाह निधी. epfindia.gov.in वर Establishment Search मध्ये कंपनीचे नाव शोधले की कोणत्या महिन्यात किती कामगारांचा किती भरणा झाला ते दिसते. भरणा थांबला किंवा माणसे झपाट्याने घटली, तर ते हिशेबाच्या आधी येथे कळते. मात्र कंत्राटी कामगारांची वर्गणी बहुधा कंत्राटदाराच्या नावावर असते. म्हणून नेमणूकपत्रावर सही कोणाची, कंपनीची की कंत्राटदाराची, हे आधी पाहावे, आणि कंत्राटदाराची असेल तर त्याचेही नाव शोधावे.

पाचवी पायरी, प्रत्यक्ष कारखाना. गेटवरच्या पाटीवर कंपनीचे नाव व नोंदणीकृत पत्ता, स्थानिक लिपीतही, असणे कायद्याने आवश्यक आहे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रात काय व किती बनवायचे, सांडपाणी किती, मुदत कधीपर्यंत, हे लिहिलेले असते. आपल्याकडे याला फार महत्त्व आहे. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेच्या अर्जावर राष्ट्रीय हरित लवादाने जानेवारी २०२२ मध्ये तारापूरच्या सामुदायिक सांडपाणी केंद्रासह अनेक कारखान्यांवर भरपाई बसवली. अशा निकालावर वरच्या न्यायालयात काय झाले तेही पाहावे. शेवटी पाळी सुटताना दोन-तीन कामगारांना एवढेच विचारावे : पगार कोणत्या तारखेला होतो, आणि पगारपत्रक हातात मिळते का?

पाचही उत्तरे एका कागदावर, पाहिल्याच्या तारखेसह लिहावीत. जेथे कागद एक सांगतो आणि गेट दुसरेच सांगते, तेथे खूण करावी आणि सही करण्यापूर्वी त्याच खुणेबद्दल कंपनीला विचारावे.