तीच दिनदर्शिका पुन्हा केव्हा? : वार आणि तारीख यांच्या मेळाचा अभ्यास



पत्रव्यवहार, रोजनिशी आणि हस्तलिखिते यांचा अभ्यास करताना एक अडचण वारंवार येते. मजकुराच्या डोक्यावर ‘शुक्रवार, १५ ऑगस्ट’ असे लिहिलेले असते, पण सन नसतो. लिहिणाऱ्याला त्याची गरज वाटलेली नसते. आपल्याला मात्र तेच हवे असते. अशा वेळी वार आणि तारीख यांचा मेळ कोणकोणत्या वर्षी बसतो हे काढता आले, तर शक्यता मोजक्या वर्षांवर येतात. त्यासाठी आधी एक साधा प्रश्न सोडवावा लागतो : एखाद्या वर्षाची दिनदर्शिका जशीच्या तशी पुढे कोणत्या वर्षी लागू पडते?

वार पुढे का सरकतो?

साधे वर्ष ३६५ दिवसांचे असते. त्यात ५२ पूर्ण आठवडे बसतात आणि एक दिवस शिल्लक राहतो. म्हणून साध्या वर्षानंतर येणारी १ जानेवारी एक वार पुढे सरकते. लीप वर्षात ३६६ दिवस असल्याने दोन दिवस शिल्लक राहतात आणि वार दोन घरे पुढे जातो. वर्षागणिक साठणारी ही शिल्लक सातच्या पटीत आली की १ जानेवारीचा वार पहिल्यासारखाच येतो.

पण एवढ्याने काम होत नाही. दोन्ही वर्षे एकाच जातीची, म्हणजे दोन्ही साधी किंवा दोन्ही लीप, असावी लागतात. पुष्कळ विद्यार्थी पहिली अट पाहतात आणि दुसरी विसरतात. ती विसरल्याने काय होते, हे २०२६ या वर्षावरून पाहू.

२०२६ चे उदाहरण

२०२६ ची १ जानेवारी गुरुवारी येते. पुढे एकेक वर्ष मोजत जा. २०२७ ला शुक्रवार, २०२८ ला शनिवार. २०२८ हे लीप वर्ष असल्याने २०२९ ला रविवार न येता एकदम सोमवार येतो. २०३० ला मंगळवार, २०३१ ला बुधवार आणि २०३२ ला पुन्हा गुरुवार. सहाच वर्षांत वार जुळला. येथे थांबण्याचा मोह होतो, आणि चूक नेमकी येथेच होते. २०३२ हे लीप वर्ष आहे. त्या वर्षीचा जानेवारी आणि २८ फेब्रुवारीपर्यंतचा भाग २०२६ शी तंतोतंत जुळेल. पण २०२६ ची १ मार्च रविवारी, तर २०३२ ची सोमवारी येते. तेथून डिसेंबरअखेरपर्यंत प्रत्येक तारीख एका वाराने चुकत राहील. चूक ओळखण्याची सोपी खूण हीच : १ जानेवारीबरोबर १ मार्चचाही वार ताडून पाहावा. दोन्ही जुळले तरच सबंध दिनदर्शिका जुळली असे म्हणावे.

मोजणी पुढे चालू ठेवा. २०३३ ला शनिवार, २०३४ ला रविवार, २०३५ ला सोमवार, २०३६ ला मंगळवार आणि, २०३६ लीप असल्याने, २०३७ ला गुरुवार. २०३७ साधे वर्ष आहे. म्हणजे २०२६ ची दिनदर्शिका अकरा वर्षांनी, २०३७ मध्ये, परत वापरता येईल.

मोजणीचा आडमार्ग

दर वेळी असे मोजत बसण्याची आवश्यकता नाही. सनाला चारने भागा आणि बाकी पाहा. बाकी एक उरली, तर तीच दिनदर्शिका सहा वर्षांनी येते. बाकी दोन किंवा तीन उरली, तर अकरा वर्षांनी येते. बाकी शून्य, म्हणजे वर्षच लीप असेल, तर अठ्ठावीस वर्षे थांबावे लागते. २०२४ ची दिनदर्शिका २०५२ पर्यंत परत येणार नाही. साध्या वर्षांचे सहा, अकरा आणि अकरा हे टप्पे एकत्र केले की बेरीज अठ्ठावीसच भरते, हेही ध्यानात घ्यावे.

आता १९४७ घ्या. चारने भागल्यास बाकी तीन, म्हणून पुढचे वर्ष १९५८. त्याची बाकी दोन, म्हणून १९६९. त्याची बाकी एक, म्हणून १९७५. याच रीतीने १९८६, १९९७, २००३, २०१४ आणि २०२५ ही वर्षे मिळतात. १५ ऑगस्ट १९४७ रोजी शुक्रवार होता. १५ ऑगस्ट २०२५ रोजीही शुक्रवारच होता. यापुढे ही दिनदर्शिका २०३१ मध्ये येईल.

सूत्र कोठे अडते?

शंभरने भाग जाणारे वर्ष चारशेने भाग जात असेल तरच लीप असते. २००० लीप होते. १९०० नव्हते आणि २१०० नसेल. या वर्षांवरून उडी मारताना वरील नियमावर विसंबू नये. २०९८ ची बाकी दोन आहे, म्हणून आपण २१०९ असे उत्तर देऊ. पण २१०० ने एक दिवस कमी दिल्याने खरे उत्तर २११० आहे. २१०० दूर आहे, परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची पत्रे हाताळणाऱ्याला १९०० ची अडचण खरोखरच भेटते. १८९० ची दिनदर्शिका अकरा नव्हे, बारा वर्षांनी, १९०२ मध्ये परत आली. अशा ठिकाणी सूत्र बाजूला ठेवून एकेक वर्ष मोजणेच श्रेयस्कर.

तिथींचे काय?

जुनी दिनदर्शिका भिंतीवर पुन्हा टांगली, तर वार आणि तारखा बरोबर येतील, सण मात्र येणार नाहीत. २००३, २०१४ आणि २०२५ या तिन्ही वर्षांची दिनदर्शिका एकच. पण गणेश चतुर्थी अनुक्रमे ३१, २९ आणि २७ ऑगस्टला आली. कारण असे की या अकरा वर्षांच्या टप्प्यात ४०१८ दिवस, म्हणजे बरोबर ५७४ आठवडे होतात, तर १३६ चांद्रमास सुमारे ४०१६ दिवसांतच पुरे होतात. तिथी दोन दिवस आधीच येऊन ठेपते.

अभ्यासकाला ही विसंगती फार उपयोगी पडते. आरंभीच्या पत्राकडे वळू. ‘शुक्रवार, १५ ऑगस्ट’ हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात १९५२, १९५८, १९६९, १९७५, १९८०, १९८६ आणि १९९७ या वर्षी येते. यांत १९५२ आणि १९८० ही लीप वर्षे आहेत. ती १९४७ च्या साखळीत नाहीत, कारण त्यांचे जानेवारी-फेब्रुवारी वेगळे आहेत; पण मार्चनंतरच्या तारखेसाठी त्यांना वगळता येत नाही. सुटी तारीख आणि संपूर्ण दिनदर्शिका यांतील हा भेद न पाळल्यास खरे वर्षच यादीतून गळण्याचा संभव असतो. पत्रात नागपंचमी किंवा राखी पौर्णिमा नुकतीच झाल्याचा उल्लेख असेल, तर या सात वर्षांची पंचांगे उघडावीत. बहुतेक वर्षे तेथेच बाद होतात.

स्वयं-अध्ययन

एका रोजनिशीच्या पहिल्या पानावर ‘१ जानेवारी, बुधवार’ आणि पुढे एका पानावर ‘१ मार्च, शनिवार’ अशी नोंद आहे. ती १९५० ते १९७० या काळातील आहे. वर्ष लीप आहे की साधे, हे प्रथम ठरवा आणि मग संभाव्य वर्षे लिहा.

*उत्तर :* १ जानेवारी ते १ मार्च हे अंतर साध्या वर्षात ५९ दिवसांचे, म्हणजे आठ आठवडे आणि तीन दिवसांचे असते. बुधवारपासून तीन वार पुढे शनिवार येतो, म्हणून वर्ष साधे आहे. १९४७ चीही १ जानेवारी बुधवारीच होती. त्याच साखळीतून १९५८ आणि १९६९ ही दोन वर्षे उरतात.